पाचशे पदांची चिठ्ठी

मी आळशी आहे हे मी स्वतः सांगितलेलं मला चालतं, दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही. शेवगावच्या कॉलेजात गणित शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली आणि प्रॅक्टिकल परीक्षेच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या मी नव्याने फक्त एकदाच लिहिल्या, पहिल्या वर्षी. तेव्हा अंगात उत्साह होता. नंतर दरवर्षी त्याच चिठ्ठ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून काढायच्या, प्रत्येकीतला एखादा आकडा खोडून दुसरा घालायचा, पुन्हा घडी करून डब्यात टाकायच्या. वरच्या वर्गातल्या पोरांनी खालच्यांना उत्तरं पुरवली तरी ती चुकावीत, एवढाच हेतू. आकडा बदलायचं काम मी नगरहून शेवगावला येताना एसटीत, मांडीवर पर्स ठेवून तिच्यावर करते. आता बसच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण कंडक्टर अजून नगरच ओरडतो आणि आम्ही नगरचंच तिकीट मागतो.

त्या एप्रिलात एका चिठ्ठीवर प्रश्न होता तो असा. टॅन इन्व्हर्स एक्सची मालिका वापरून एक्स बरोबर १/५ असताना किंमत काढा. चूक ०.००१ पेक्षा कमी हवी. किती पदं लागतील ते आधी ठरवा, मग तेवढी पदं मांडून बेरीज करा.

ही मालिका म्हणजे एक पद अधिक, पुढचं वजा, परत अधिक, परत वजा अशी न संपणारी रांग असते आणि प्रत्येक पद आधीच्यापेक्षा लहान. वर्गात हा नियम शिकवताना मी एसटीचा ड्रायव्हर आणते. स्टँडवर तो बस फलाटाला लावतो तेव्हा जरा मागे घेतो, जास्त झालं म्हणून थोडी पुढे, परत किंचित मागे. प्रत्येक हालचाल आधीच्यापेक्षा कमी. तो मध्येच कंटाळून उतरला तर बस खऱ्या जागेपासून किती लांब असेल? त्याने जी पुढची हालचाल केली असती, तिच्यापेक्षा कमीच. म्हणून पहिलं सोडलेलं पद ठरलेल्या चुकीपेक्षा लहान झालं की आपण पेन खाली ठेवायचा. १/५ ला पहिलं पद ०.२, दुसरं १/३७५, तिसरं १/१५६२५, म्हणजे ०.००००६४. तिसरं पद एक हजारांशापेक्षा कितीतरी लहान, म्हणून पहिली दोन पदं पुरतात. पाच मिनिटांचं काम.

त्या दिवशी बसमध्ये मला अचानक दया आली. पोरांना १/५ चे घात करताना घाम फुटतो. म्हटलं जाऊ दे, यंदा सोपा आकडा देऊ. एकाखालची रेघ आणि पाच खोडले. उरला एक. एकाचा कितवाही घात करा, एकच येतो. स्वतःच्या मनाच्या मोठेपणावर खूश होऊन मी चिठ्ठी डब्यात टाकली आणि पर्समधलं शेंगदाण्याचं पुडकं काढलं.

बाहेरचे परीक्षक राहुरीहून आले होते. निवृत्तीला आलेले, पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेन आणि एक शिसपेन्सिल. माणूस सज्जन, पण नियमाचा इतका पक्का की चहासुद्धा नोंदवहीत सही करून घेतील असं वाटायचं. एका कॉलेजात परीक्षकानेच चिठ्ठीत घोळ घातला होता, म्हणून यांनी अख्ख्या बॅचची परीक्षा रद्द करून अहवाल पाठवला होता, असं आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. ते बारा वाजता जेवतात आणि त्यांना मासवडी आवडते, हेही सगळ्यांना माहीत होतं. आमच्या शिपाईमामांच्या घरून मासवडीचा डबा यायचा होता. तयारी म्हणून मी एवढीच काय ती केली होती.

बारा विद्यार्थी होते. त्यांत एक ताई. वर्गातली पोरं तिला ताई म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. वय पस्तिशीच्या आत-बाहेर, मुलगी पाचवीत. लग्नात राहिलेली पदवी ती आता पुरी करत होती आणि दिवसा गावातल्या एका खासगी शाळेत तिसरीला शिकवत होती. शाळेने स्पष्ट सांगितलं होतं, जूनमध्ये पदवी दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्या बाईला देऊ. बाकीचे सगळे विषय सुटले होते. राहिलं होतं फक्त हे प्रॅक्टिकल. मागच्या वर्षी ती यातच नापास झाली होती आणि तेव्हा मी तिला स्टाफरूममध्ये उभं करून झापलं होतं. प्रत्येक उत्तर निम्म्यात सोडलंय, असं कसं चालेल, जे हातात घेतलं ते शेवटपर्यंत न्यायचं, अर्धवट सोडायचं नाही. रागाच्या भरात मी टेबलावर डस्टरही आपटलं होतं. ती मान खाली घालून एवढंच म्हणाली होती, "व्हय मॅडम."

साडेदहाला बाराही जणांनी एकेक चिठ्ठी उचलली. वेळ एक वाजेपर्यंत. साधा कॅल्क्युलेटर चालतो. आमच्याकडे एक रिवाज आहे, चिठ्ठी अवघड वाटली तर एकदा बदलून मिळते. पाच गुण कापले जातात आणि बदलल्याचं कारण विद्यार्थ्याने नोंदवहीत लिहायचं, जुनी चिठ्ठी सोबत टाचायची. त्यावर दोन्ही परीक्षकांच्या, म्हणजे बाहेरच्यांच्या आणि माझ्या, सह्या होतात. मी दरवर्षी हसत हसत ही सूचना वाचून दाखवते.

ताईंनी चिठ्ठी उघडली, खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, घडी करून कंपासपेटीखाली ठेवली आणि लिहायला लागल्या. मला बरं वाटलं.

अकराच्या आत त्यांनी पहिली पुरवणी मागितली. सव्वाअकराला दुसरी. शिपाईमामा पुरवण्यांचा गठ्ठा घेऊन माझ्याजवळ आले.

"मॅडम, त्या बाई लई लिवत्यात. अजून आनू का गठ्ठा?"

बाहेरचे परीक्षक कौतुकाने म्हणाले, "तयारी चांगली दिसते तुमच्या विद्यार्थिनीची."

"मेहनती आहे," मी म्हणाले, जणू तिची मेहनत मीच घरून डब्यात आणली होती.

मग सहज म्हणून बाकांमधून फेरी मारली. ताईंच्या बाकाशी येऊन खाली पाहिलं. तीन उभे रकाने. पहिल्यात पदाचा क्रमांक, दुसऱ्यात पद, तिसऱ्यात तिथवरची बेरीज, सहा दशांश स्थळांपर्यंत. सगळं सुबक, खाडाखोड नाही. पेन ज्या ओळीवर चालला होता तिथे लिहिलं होतं, एकोणपन्नास, अधिक १/९७.

सत्त्याण्णव कुठून आला? मी मनात मालिका मांडली. एक, वजा एक तृतीयांश, अधिक एक पंचमांश. एकाचे घात लहान होतच नाहीत, लहान करणारा फक्त खालचा विषम आकडा. सोडलेलं पद हजारांशाहून लहान व्हायला खालचा आकडा हजाराच्या वर जायला हवा. म्हणजे १/१००१. ते पाचशे एकावं पद. त्याआधीची सगळी घ्यायची. पहिल्या पानावर ताईंनी हेच काढलं होतं, अगदी बरोबर, आणि खाली पट्टीने दोन रेघा मारल्या होत्या. पाचशे पदं लागतील. आणि त्यानंतर ही बाई खरोखर पाचशे पदं मांडायला बसली होती.

मी घड्याळ लावून पाहिलं. एका पदाला तिला साधारण चाळीस सेकंद लागत होते. उरलेल्या साडेचारशेला पाच तास. परीक्षा संपायला पावणेदोन तास. मजा म्हणजे एकाच्या टॅन इन्व्हर्सचं उत्तर पाय (π) या संख्येचा चौथा भाग, हे वर्गातल्या मठ्ठातल्या मठ्ठालाही पाठ असतं. पण चिठ्ठीवर मीच लिहिलेलं होतं, मालिका वापरून. आणि मागच्या वर्षी डस्टर आपटून मीच सांगितलं होतं, शेवटपर्यंत.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आधी तिची नोकरी आठवली नाही. आधी आठवला तो बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल. चिठ्ठी चुकीची आहे असं कबूल केलं तर हा गृहस्थ बॅच रद्द करणार, फेरपरीक्षा कधी होईल कोण जाणे, जून उलटून जाणार. म्हणजे तिच्या भल्यासाठीच गप्प बसलेलं बरं, असं मी मनाला समजावलं. आपल्या सोयीचं असलं की मला दुसऱ्याचं भलं फार पटकन दिसतं.

मी मधला मार्ग काढला. वाकून हळूच म्हणाले, "ताई, चिठ्ठी बदलून घ्या. पाचच गुण जातील."

त्यांनी वर पाहिलं. "कारन काय लिवू, मॅडम?"

"लिहा, अवघड वाटली."

"अवघड न्हाई वाटली. लांब हाय." त्यांनी पट्टी एक ओळ खाली सरकवली. "ऱ्हाऊ द्या. तुमीच म्हनल्या हुत्या ना, अर्धवट सोडायचं न्हाई."

आणि पन्नासावं पद लिहायला घेतलं. वजा १/९९.

मला इतका राग आला की सांगता येत नाही. माझाच सल्ला माझ्याच तोंडावर मारून ही शांतपणे बेरजा करत होती. मी खुर्चीत येऊन बसले. बाहेरचे परीक्षक इतरांची जर्नल्स तपासत होते, प्रत्येक पानावर त्यांच्या शिसपेन्सिलीची बारीक खूण. मी एका मुलाची तोंडी परीक्षा घेतली आणि त्याला विचारलं, पाचशे पदं मांडायला किती वेळ लागेल. त्याने भाबडेपणाने विचारलं, "हे पुस्तकात कुठं हाय, मॅडम?" मी त्याला पूर्ण गुण दिले.

बारा वाजता मासवडी आली. बाहेरचे परीक्षक स्टाफरूममध्ये गेले आणि मला वर्गावर ठेवून गेले. मनात आलं, आता जाऊन कानात सांगावं. पण सांगणार काय? बाकी अकरा जणांसमोर पाचशेचे शंभर करा म्हणू? नियम तर बरोबर होता. चूक नियमाची नव्हती, माझ्या दयेची होती.

तेवढ्यात ताईंचा पेन थांबला. त्यांनी पुरवण्या पसरल्या आणि नुसत्या तिसऱ्या रकान्याकडे पाहत बसल्या. वर, खाली, वर, खाली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला वाटलं, झालं, दमली. मागच्या वर्षासारखीच सोडून उठणार आणि या वेळी कारण मीच. तेव्हा कुठे मला तिची तिसरीची पोरं आणि पाचवीतली मुलगी आठवली. पाणी प्यायला उठले, तर हातातून पेला पडला आणि सगळ्या वर्गाने वर पाहिलं. ताईंनी पाहिलं नाही. त्यांनी नवं पान घेऊन चौथा रकाना आखला होता.

एक वाजायला दहा मिनिटं असताना त्यांनी पेपर दिला. बाहेरचे परीक्षक जेवून, सुपारी चघळत येऊन बसले होते. त्यांनीच तो हातात घेतला. मी शेजारी बसले आणि चिठ्ठीवर हात ठेवला, जणू ती उडून जाईल.

पहिली पुरवणी त्यांनी पाहिली, मान हलवली. दुसरी पाहिली, भुवई उंचावली. "ही बाई पदं मांडतेय," ते म्हणाले.

"हो सर."

"किती मांडणार होती?"

"पाचशे, सर."

त्यांनी मधल्या पुरवण्या भराभर चाळल्या. शेवटचं पान उलटलं आणि त्यांचं सुपारी चघळणं थांबलं.

ताईंनी लिहिलं होतं ते असं. बेरीज एकदा खऱ्या उत्तराच्या वर जाते, एकदा खाली. पंधरा पदांची बेरीज ०.८०२०५, सोळांची ०.७६९७९. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये. मग दोन्हींची मधली किंमत घेऊ, ०.७८५९२. पुढची मधली किंमत, सोळा आणि सतरा पदांच्या बेरजांची, ०.७८४९४. त्यापुढची परत जरा वर. म्हणजे मधल्या किमतीही पुढे-मागे हलतात आणि त्यांचीही हालचाल दरवेळी लहान होते. ही हालचाल म्हणजे लागोपाठच्या दोन पदांतल्या फरकाचा निम्मा भाग, इथे १ भागिले ३१ गुणिले ३३, म्हणजे १/१०२३, त्यापुढची १ भागिले ३३ गुणिले ३५, असं कमी कमी. तेव्हा तोच नियम मधल्या किमतींनाही लागू. पुढची हालचाल १/१०२३, ती ०.००१ पेक्षा लहान. म्हणून उत्तर ०.७८५९. पाचशे पदांऐवजी सोळा पदं पुरली. आणि सगळ्यात खाली लहान अक्षरात एक ओळ, पुरवण्या जास्त वापरल्याबद्दल क्षमस्व.

बाहेरच्या परीक्षकांनी शिसपेन्सिल काढली. ३१ ला ३३ ने गुणलं, १०२३ आले. कॅल्क्युलेटरवर पायचा चौथा भाग काढला, ०.७८५४. वजाबाकी केली. फरक साधारण अर्ध्या हजारांशाएवढा. नियमाने जेवढी मर्यादा दिली होती, तिच्या बरीच आत. मग त्यांनी मालिका अगदी सुरुवातीपासून तपासली, कुठे हालचाल मोठी होते का म्हणून. कुठेच होत नव्हती.

"वा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द आमच्या कॉलेजात कोणी ऐकलेला नव्हता. मग माझ्याकडे वळले. "एक आणि हजारांश. म्हणजे साध्या नियमाने पाचशे पदं लागणार, तेव्हा मुलांना दुसरा रस्ता शोधावा लागणार. प्रश्न मुद्दाम असा काढला का, मॅडम?"

माणसाने खरं बोलावं, असं मी घरी माझ्या मुलाला रोज सांगते. "हो सर," मी म्हणाले.

त्यांनी पूर्ण गुण दिले. नोंदवहीच्या शेऱ्यात लिहिलं, प्रश्नांचा दर्जा उत्तम. त्या वाक्याची झेरॉक्स प्राचार्यांनी सूचनाफलकावर लावली. महिनाभर मी त्या फलकासमोरून जाताना पाय जरा हळू टाकत असे.

जूनमध्ये ताई पेढे घेऊन आल्या. निकाल लागला होता, शाळेने जागा ठेवली होती, तिसरीऐवजी सातवीचं गणित दिलं होतं. स्टाफरूममध्ये सगळे बसले होते आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी ती गोष्ट पुन्हा एकदा रंगवून सांगितली. की ताईंमध्ये चमक आहे हे मला दिसत होतं, पण त्या साचेबद्ध लिहायच्या, म्हणून मी विचार करून तसा आकडा घातला, अशी परीक्षा घेतल्याशिवाय माणूस स्वतःचा विचार करत नाही, वगैरे. सहकाऱ्यांनी माना डोलावल्या. ताई पेढ्यांचा बॉक्स धरून उभ्या होत्या. त्याही हसल्या.

त्यांना सोडायला मी फाटकापर्यंत गेले. उन्हात उभ्या उभ्या मला राहवेना. म्हणाले, "ताई, ते मगाचं खोटं होतं. मी मुद्दाम काही केलं नव्हतं. बसमध्ये पाच खोडला आणि पुढचा विचारच केला नाही."

"म्हाईत हाय, मॅडम."

"कसं काय?"

"चिठ्ठी उजेडाला धरली तवाच एकाखाली खोडलेला पाच दिसला. पाच घालून बघितलं, दोन पदात उरकत हुतं. तवाच कळलं, मॅडमचं चुकून झालंय."

माझा आवाज चढला. मला शरम वाटली की आवाज आधी चढतो. "मग बदलून का नाही घेतली? मी स्वतः येऊन सांगत होते ना. पाच गुण गेले असते, पण पास तर झाला असता. ते सोळा पदांचं तुम्हाला आधीपासून सुचलं होतं का?"

"न्हाई वं. ते बाराच्या पुढं सुचलं. तवर पाचशेच मांडायचं डोक्यात हुतं."

"पाच तास लागले असते. नोकरी गेली असती तुमची."

"व्हय," त्या म्हणाल्या. पेढ्यांच्या बॉक्सला दोरा होता तो त्यांनी सोडला आणि पुन्हा बांधला. "पन बदलायची म्हनजे वहीत कारन लिवायचं, चिठ्ठी टाचायची. ते राहुरीचे सर लई बारीक बघत हुते. त्यांच्यापुढं तुमचं कशाला काढायचं, म्हटलं."

एवढं बोलून त्या रस्ता ओलांडून स्टँडकडे गेल्या. मी फाटकात उभी राहिले. उष्ट्या हातात अर्धा पेढा तसाच होता.

आत येऊन मी आधी सूचनाफलकावरची ती झेरॉक्स काढली. टाचणी बोटाला टोचली.